डावीकडचा कोरा कागद

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भगवानरावांनी सत्यशीलाला आपल्या खोलीत बोलावलं. भगवानराव बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आणि आता एका धर्मादाय ट्रस्टचे सचिव. ट्रस्टचं ऑफिस लातूरला, दालमिलच्या रस्त्यावर. नांदेड आणि देगलूर अशा दोन गावांत ट्रस्टची डायलिसिस केंद्रं चालत. सत्यशीला एम.कॉम. झालेली, आठ वर्षांपासून तिथे हिशेब बघत होती.

"देगलूरचं केंद्र बंद करावं असं दोघातिघा ट्रस्टींचं म्हणणं आहे," भगवानराव म्हणाले. "तिथले वीस पेशंट नांदेडला न्यायचे. नांदेडला मशिनी रिकाम्या असतात. पेशंटसाठी देगलूरहून रोज ट्रस्टतर्फे भाड्याची गाडी. तिला महिन्याला एक लाख वीस हजार लागतील. आता मला एवढंच सांगा, देगलूर बंद केलं तर वाचतील किती?"

"सर, औषधं, फिल्टर, नळ्या हा खर्च पेशंटबरोबर नांदेडला जाणारच. वाचेल तो फक्त स्थिर खर्च."

"तोच काढा. मिटिंगमध्ये सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल असा काढा. आकड्यांचे तक्ते कुणी वाचत नाही."

सत्यशीला उठली नाही. "सर, एक सांगायचं होतं. माझा भाऊ तिथंच डायलिसिस घेतो. हे काम दुसऱ्या कुणाला दिलं तर बरं."

भगवानरावांनी चष्मा काढला. "मला माहीत आहे ताई. म्हणूनच तुम्ही काढा. तुमचा आकडा आला तर पेशंटचा विचार झाला नाही अशी शंका कुणी घेणार नाही."

दयानंद तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. देगलूरच्या बसस्टँडमागे त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा बांधून द्यायचा. तीन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार, सकाळी सातला केंद्रावर, साडेअकराला मोकळा. घरी जाऊन थोडं पडायचं आणि तीनला दुकान उघडायचं. केंद्र दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होतं. त्याची बायको शरणम्मा कर्नाटकातल्या औरादची. मराठी बोलायला तिला अडचण नव्हती, वाचायला मात्र कानडीच यायचं.

वडील गेले तेव्हा सत्यशीला बारावीत होती. तिची कॉलेजची फी दयानंदने त्याच दुकानातून भरली होती.

त्या दुपारी तिने आलेख-कागद काढला. आडव्या रेषेवर महिन्यातल्या डायलिसिसची संख्या, उभ्या रेषेवर त्या महिन्याचा एकूण खर्च. मागच्या बारा महिन्यांचे बारा ठिपके दिले. ठिपके सगळे कागदाच्या उजवीकडे, एका घोळक्यात पडले. सगळ्यांत कमी काम असलेल्या महिन्यात एकशे बेचाळीस डायलिसिस झाले होते, सगळ्यांत जास्त महिन्यात एकशे नव्वद. डावीकडे, शून्यापासून एकशे चाळीसपर्यंत, कागद कोरा होता.

पद्धत तिला पाठ होती. ठिपक्यांमधून एक सरळ रेषा काढायची, अशी की साधारण अर्धे ठिपके वर राहतील, अर्धे खाली. रेषा जितकी चढती, तितका एका डायलिसिसमागचा खर्च जास्त. मग तीच रेषा डावीकडे शून्यापर्यंत वाढवायची. उभ्या रेषेला ती जिथे लागेल, तो स्थिर खर्च: एकही पेशंट आला नाही तरी होणारा.

तिने पारदर्शक पट्टी ठिपक्यांवर ठेवली. तिरपी केली, थोडी सपाट केली. जरा चढती धरली की रेषा उभ्या रेषेला लाखाच्या किंचित खाली लागत होती. जरा सपाट धरली की एक लाख ऐंशी हजाराला. ठिपक्यांच्या घोळक्यातून दोन्ही रेषा जात होत्या. दोन्ही वेळा काही ठिपके वर होते, काही खाली. उजवीकडे पट्टी बोटभर हलली की तिकडे डावीकडे मोठा फरक पडत होता.

एक ठिपका मात्र अडचणीचा होता. मागचा नोव्हेंबर. दिवाळीमुळे फक्त एकशे बेचाळीस डायलिसिस, आणि खर्च दोन लाख नव्वद हजारांच्या वर. इतर महिन्यांच्या मानाने तो ठिपका फार उंच, एकटाच. तिने फोन लावला.

फोन उचलणारा संघपाल देगलूर केंद्राचा टेक्निशियन. "ताई, तो महिना धरू नका," तो म्हणाला. "पाणी शुद्ध करायचा प्लांट बिघडला होता ना. अडतीस हजार लागले दुरुस्तीला. दरवर्षी थोडंच लागते ते? आणि बगा, हे केंद्र गेलं तर इथली माणसं लई हाल काढतील. दयानंदभाऊचंच बगा ना."

संघपाल खरं बोलत होता. एकदाच झालेला खर्च ठिपक्यातून वजा करायला हवा होता, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्याने शेवटी दयानंदचं नाव घेतलं आणि तिने फोन ठेवून दिला. आपण हा ठिपका खाली आणला तर रेषा चढती होईल, स्थिर खर्च कमी दिसेल, केंद्र वाचेल. मिटिंगमध्ये कुणी विचारलं, हा आकडा का बदलला, तर काय सांगायचं? माझा भाऊ तिथं जातो म्हणून?

तिने ठिपका होता तिथेच ठेवला. पट्टी सपाट धरली आणि पेन्सिल ओढली. रेषा एक लाख ऐंशी हजारावर जाऊन थांबली. तिने तो आकडा ठळक लिहिला. दुसरी रेषा कागदावर काढली नाही. लाखालाही रेषा लागू शकते, हे कुठेच लिहिलं नाही. आपण भावाच्या बाजूने झुकलो नाही, याचं तिला त्या क्षणी समाधान वाटलं.

मिटिंग वीस मिनिटांत संपली. भगवानरावांनी कागद भिंतीवर लावला. एक लाख ऐंशी हजार वाचणार, एक लाख वीस हजार गाडीला जाणार, महिन्याला साठ हजार हातात. एका ट्रस्टींनी विचारलं, "आकडा पक्का ना?" सगळ्यांनी सत्यशीलाकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली.

मेअखेर केंद्राला कुलूप लागलं. चार मशिनी ट्रकमधून नांदेडच्या गोदामात राखीव म्हणून गेल्या. संघपालही त्याच पगारावर नांदेडला गेला.

जूनमध्ये एका सोमवारी ती दयानंदला भेटायला नांदेडला गेली. तो मशीनच्या बाजूला पलंगावर पडला होता. हातातल्या दोन नळ्यांतून रक्त जात-येत होतं. त्याने तिला बघून उशी सरळ केली.

"गाडी साडेपाचला येते दारात," तो म्हणाला. "घरी जायला चार-पाच वाजतात. दिवस तर गेलाच, आणि दुसरा दिवस अंग सावरण्यात जातो. दुकान दोनच दिवस उघडून राहिलो आता."

"दादा, एक सांगायचंय तुला."

तिने सगळं सांगितलं. ठिपके, पट्टी, नोव्हेंबर महिना, दोन रेषा. हळू आवाजात, शेजारच्या पलंगाला ऐकू जाऊ नये म्हणून. दयानंद छताकडे बघत ऐकत होता.

"म्हंजे एक ठिपका म्हंजे एक महिना?"

"हो."

"मग मी कोन्त्या ठिपक्यात हाव?"

"सगळ्याच. प्रत्येक महिन्यात आठ-नऊ वेळा."

त्याने नळ्या लावलेला हात जरा सरळ केला. मग म्हणाला, "मोटार बांधताना मीबी अंदाजानंच तारेचे वेढे मोजतो कदी कदी. पन गिऱ्हाइकाला सांगतो, बाबा, अंदाज हाय. जळली तर परत आण. तू सांगितलं का त्यांना, अंदाज हाय म्हणून?"

"नाही."

"का बरं?"

"तुझ्यासाठी करतेय असं वाटू नये म्हणून."

दयानंदने मोकळा हात तिच्या हातावर ठेवला. तो सुजलेला आणि गरम होता. "येडी हायस," तो म्हणाला. "माझ्यासाठी केलं अस्तं तर काय बिघडलं अस्तं?" मग लगेच म्हणाला, "जाऊ दे. गाडीत चांगली माणसं हायेत. गप्पा होतात." त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

लातूरला परतल्यावर तिने भगवानरावांना तोंडी सांगितलं, की सर, तो आकडा मी फार पक्का सांगितला, तो पुन्हा बघायला हवा. ते म्हणाले, "आता मशिनी हलल्या. सहा महिने चालू द्या, मग खरी बिलंच बोलतील." तिने लेखी काही दिलं नाही. बिलं येईपर्यंत थांबू, असं तिनेही मनाशी ठरवलं.

दिवाळी झाली. रब्बीच्या पेरणीनंतर शेतात पाणी सुरू झालं, आणि लाइट येता-जाता मोटारी जळू लागल्या. दयानंदच्या दुकानात वर्षातलं सगळ्यांत जास्त काम याच दिवसांत असायचं. शेतकरी मोटार खांद्यावर घेऊन यायचे आणि उद्याच पाहिजे म्हणायचे. नोव्हेंबरच्या शेवटी एका गुरुवारी गाडी दारात आली, तेव्हा दयानंदने ती परत पाठवली. शरणम्मा भांडली. तो म्हणाला, "चार मोटारी हायेत. एक पाळी चुकली तर मरत न्हाई माणूस." पुढच्या सोमवारीही तो गेला नाही. त्या दिवशी सहा मोटारी होत्या. केंद्र गावात असतं तर सकाळी जाऊन दुपारी तीनला तो दुकानात असता.

बुधवारी पहाटे त्याला श्वास लागला. आडवं होता येईना. पायापासून पोटापर्यंत अंग सुजलं होतं. शरणम्माने शेजाऱ्याची जीप घेतली. देगलूरच्या दवाखान्यात ऑक्सिजन दिला आणि नांदेडला न्या म्हणाले. जीपमध्ये तो बसूनच होता, पुढे वाकून, दोन्ही हात समोरच्या सीटवर ठेवून. वाटेतल्या नरसीच्या पुढे आल्यावर त्याचे हात सुटले. शरणम्माने त्याला सावरून धरलं. ड्रायव्हरला वाटलं झोप लागली. नांदेडला संघपाल मशीन तयार ठेवून दारातच उभा होता. त्याने नाडी बघितली आणि पायरीवर बसून रडू लागला.

सत्यशीलाला फोन आला तेव्हा ती ऑफिसात बिलं लावत होती.

तेराव्यानंतर ती कामावर आली आणि सहा महिन्यांचा हिशेब करायला बसली. देगलूर बंद झाल्याने महिन्याला खरोखर वाचले होते सत्तर हजार: भाडं, वॉचमन, सफाई, डॉक्टरांची फेरी, विजेचा ठरलेला आकार. संघपालचा पगार स्थिर खर्चातच होता, पण तो काही वाचला नाही. माणूस नांदेडला आला आणि पगारही त्याच्याबरोबर आला. गाडीला एक लाख वीस हजार लागत होतेच. वर नांदेडला महिन्याला तीनशेच्या जागी साडेचारशेवर डायलिसिस व्हायला लागले, दोन पाळ्यांत मावेनात, म्हणून तिसरी पाळी लावली होती. त्या पाळीसाठी एक नर्स आणि एक मदतनीस, तीस हजार. साठ हजार वाचायचे ते राहिलं बाजूला, ट्रस्ट दरमहा ऐंशी हजार जास्त घालत होता.

मग तिने जुना कागद काढला. नोव्हेंबरच्या ठिपक्यातून दुरुस्तीचे अडतीस हजार वजा करून तो खाली आणला. खाली येताच तो बाकीच्यांच्या रांगेत बसला. पट्टी ठेवली. आता चढती रेषाच जास्त बरोबर बसत होती, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव हजाराच्या आसपास. एका डायलिसिसमागे अकराशे. सपाट रेषेने सहाशे दाखवले होते. एका डायलिसिसच्या फिल्टरच्या आणि नळ्यांच्या बिलांची नुसती बेरीज केली असती, तरी सहाशे हा आकडा खोटा आहे हे कळलं असतं. तेवढंही तिने केलं नव्हतं.

जानेवारीच्या मिटिंगमध्ये तिने दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून लावल्या. कुठला ठिपका का हलवला ते सांगितलं. आपण भावामुळे काय केलं तेही सांगितलं.

मागच्या वेळी 'पक्का ना' विचारणारे ट्रस्टी म्हणाले, "म्हणजे खरा आकडा सत्त्याण्णव हजार?"

"तेही ठाम सांगता येणार नाही सर. नव्वद असेल, एक लाख दहा असेल. हे सगळे ठिपके एकशे बेचाळीस ते एकशे नव्वदमधले आहेत. त्यात काय होतं तेवढंच आपल्याला माहीत आहे. शून्यावर काय होतं ते आपण कधी बघितलंच नव्हतं. तिथला आकडा पट्टीनं काढलेला होता. आणि आकडा बरोबर निघाला असता तरी त्यातलं काय खरंच बंद होईल, काय दुसरीकडे जाईल, हे रेषा सांगत नाही. तिसऱ्या पाळीचंही तसंच. खर्च एका मर्यादेपर्यंत तेवढाच राहतो, मग एकदम पायरी चढतो."

"कॉम्प्युटरवर काढलं असतं तर?"

"पट्टी कलली नसती. पण तो नोव्हेंबरचा ठिपका मी तसाच ठेवला असता, तर कॉम्प्युटरचीही रेषा तिकडेच ओढली गेली असती. आणि डावीकडचा कागद तरीही कोराच."

भगवानराव उठून कागदाजवळ गेले. "चूक तुमची एकट्यांची नाही," ते म्हणाले. "मी आकडा मागितला. किती इकडे-तिकडे होईल ते विचारलं नाही."

देगलूरचं केंद्र पुन्हा सुरू करता येईल का, याची चर्चा झाली. ती जागा आता एका कोचिंग क्लासला दिलेली होती. पाण्याचा प्लांट नव्याने बसवायला सात-आठ लाख लागणार होते. विषय पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर ढकलला गेला. वीस पेशंटांपैकी तेव्हा तेराच गाडीने येत होते. दोघं हैदराबादला मुलांकडे गेले होते, तिघं कुठे जातात ते कुणाला माहीत नव्हतं, आणि दोघं वारले होते. दोघांतला एक दयानंद.

त्या शनिवारी ती एसटीने देगलूरला गेली. शरणम्मा दुकानात होती. दुकान विकायचं ठरलं होतं. जमिनीवर पंधरा-सोळा मोटारी मांडलेल्या, प्रत्येकीला तारेने अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यावर दयानंदच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव.

"बरं झालं आल्या, ताई," शरणम्मा म्हणाली. "मला वाचाय येत न्हाई नीट. लोक येऊन राहिलेत, कोन्ती कोनाची, मला काय कळना."

सत्यशीला खाली बसली आणि एकेक चिठ्ठी वाचू लागली. शहापूर. हणेगाव. मरखेल. शरणम्मा वहीत कानडीत लिहून घेत होती. चार जण येऊन मोटारी घेऊन गेले. एक म्हातारा मजुरीचे पैसे देऊ लागला, तेव्हा शरणम्मा म्हणाली, "अर्धीच बांधली हाय बाबा, पैसे कशाचे?" तो तरीही शंभराची नोट ठेवून गेला.

सहा मोटारी राहिल्या तेव्हा सत्यशीलाने चिठ्ठी खाली ठेवली. "वैनी, मला बोलायचंय." आणि तिने नांदेडला पलंगाशेजारी बसून सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी पुढचंही: सत्तर हजार, तिसरी पाळी, जानेवारीची मिटिंग.

शरणम्माने वही मिटली.

"त्यांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "जूनमधीच. घरी आल्या आल्या. म्हणले, शीलाला काय बोलू नको, ती आधीच लई जळून राहिली."

सत्यशीलाला रडू आवरलं नाही. शरणम्मा रडली नाही. तिने माठातलं पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"मी बोलनार न्हाई तुमाला. त्यांनी सांगितलंय म्हनून. पन ताई, मला रोज वाटतं बोलावं." तिने चिठ्ठ्यांचा ढीग एका बाजूला सारला. "त्या गुरुवारी मी गाडीवाल्याला थांब म्हणाले अस्ते. हात धरून चढवलं अस्तं. मीबी ऐकलं त्यांचं. ते कुनाला सांगू?"

सत्यशीला उठून तिच्याजवळ जायला लागली. शरणम्माने हाताने थांबवलं.

"आता जावा तुमी. पाचची गाडी हाय लातूरची. थोडे दिस येऊ नका. मी बोलवीन."

"कधी, वैनी?"

"ते मला म्हाईत न्हाई," शरणम्मा म्हणाली, आणि उरलेल्या मोटारींकडे वळली.

सत्यशीला बसस्टँडवर आली. पाचची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली. गाडी सुटेपर्यंत दुकानाच्या गल्लीतून कोणी आलं नाही.